चार पेपर, एक बिबट्या आणि विहिरीची खोली : अकरावीच्या प्रकल्पासाठी मदत हवी

खाडीकाठ | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. रत्नागिरी तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका गावात मी अकरावी-बारावीला मराठी शिकवते. यंदा अकरावीच्या चौदा मुलांना प्रकल्प दिलाय : एकच घटना चार वर्तमानपत्रांनी कशी दिली ते ताडून बघायचं. ६ जानेवारीला, पत्रकार दिनी, शाळेच्या हॉलमध्ये मांडणार आहोत. घटना दारातलीच मिळाली. मागच्या पंधरवड्यात शेजारच्या वाडीत बिबट्या विहिरीत पडला आणि वनखात्याने पिंजरा सोडून त्याला वर काढला. माणसांना इजा नाही, बिबट्याही ठणठणीत. म्हटलं बरं झालं, यात ना कुणाचं दुःख, ना राजकारण.

पेपरांची नावं मुद्दाम देत नाही. अ, ब, क, ड म्हणू.

अ (जिल्ह्याचं पान, तीन कॉलम) : 'विहिरीत पडलेल्या बिबट्याला जीवदान'. विहीर ५० फूट, खालची वाडी, मंगळवारी सकाळी उघडकीस, बिबट्या नर.

ब (तालुक्याचं पान, फोटोसकट) : 'ग्रामस्थांनी बाज सोडून वाचवला बिबट्या'. विहीर ३० फूट, वरची वाडी, सोमवारी रात्री पडला, मादी.

क (पहिलं पान) : 'बिबट्याची दहशत, ग्रामस्थ भयभीत'. ५० फूट, खालची वाडी, मंगळवार सकाळ, नर.

ड (मुंबईचा, आत कोपऱ्यात सहा ओळी) : 'रत्नागिरीत विहिरीतून बिबट्याची सुटका'. ५० फूट, मंगळवारी. वाडीचा उल्लेखच नाही.

मुलांनी सुबक तक्ता केला, रंगबिरंगी रेघा मारल्या आणि खाली निष्कर्ष लिहिला : 'चारपैकी तीन वृत्तपत्रांनी ५० फूट दिले असल्याने ती माहिती योग्य. ब हे वृत्तपत्र कमी विश्वासार्ह.'

इथे माझं घोडं अडलंय. घटना वरच्या वाडीतलीच, कारण माझी एक विद्यार्थिनी त्या विहिरीपासून चार घरं सोडून राहते. म्हणजे ज्याला मुलं कमी विश्वासार्ह म्हणतायत, त्याचीच वाडी बरोबर आहे. मुलांना नेमकं काय सांगू?

---

चाकरमानी_दादर | सोमवार, रात्री ९:४०

अहो मॅडम, सोपं आहे. आधी मालक कोण ते बघा, मग जाहिराती कुणाच्या ते बघा. निम्मा प्रकल्प तिथेच झाला. हल्ली प्रत्येक पेपर कुणाच्या ना कुणाच्या खिशात आहे.

आणि ड ला वेगळं वजन द्या. तो मुंबईचा आहे, त्याचा गावाशी संबंध नाही, म्हणजे त्याची साक्ष त्रयस्थ. तोही ५० म्हणतोय तर ५० च असणार.

---

हापूसवाला | सोमवार, रात्री १०:०५

पेपरवाल्यांचं नाव काढू नका. दोन वर्षांपूर्वी माझी पहिली पेटी वाशीला गेली, तर एकाने दर छापला दुप्पट, दुसऱ्याने गावच बदललं. गावात लोक विचारायला लागले की एवढे पैसे मिळाले तर सोसायटीचं कर्ज का फेडत नाहीस. दुरुस्ती छापून आणायची तर कुणाला धरायचं ते सांगा. तुमच्या मुलांना हाच प्रकल्प द्या.

---

बाबल्या_कुडाळकर | सोमवार, रात्री १०:३१

आमच्याकडे तर बिबट्यो पडलो काय दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरात एकच वाक्य, 'भक्ष्याच्या शोधात आलेला'. माका वाटता तो बिबट्योच लिवन देता बातमी.

---

जुना_डेस्क | सोमवार, रात्री ११:१८

बाबल्याने गमतीत म्हटलंय, पण प्रकल्पाची किल्ली तिथेच आहे. मी कोल्हापुरात जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर बावीस वर्षं काढली, कोकणाची पानं माझ्याच हातून जायची. थोडं सविस्तर लिहितो.

मॅडम, तुमच्या मुलांनी मतं मोजली. खोली मतदानाने ठरत नाही. आधी बघायचं ते हे की अ, क आणि ड हे तीन साक्षीदार आहेत की एकाच माणसाचं बोलणं तीन ठिकाणी छापून आलंय.

जिल्ह्यात अशी बातमी कशी चालते बघा. वनखात्यातला कुणीतरी काम आटोपल्यावर मोबाइलवर आठदहा ओळींची प्रेसनोट लिहितो आणि पत्रकारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. तालुक्याच्या बातमीदाराला त्या दिवशी आणखी पाच बातम्या असतात, बऱ्याचदा जाहिराती आणि पेपरची एजन्सीही त्याच्याच गळ्यात असते, मानधन विचारू नका. तो ती नोट थोडी इकडची तिकडे करून पाठवतो. कधी एकच माणूस दोन पेपरांना बातमी देतो. मुंबईच्या पेपरला सहा ओळी जातात त्याही त्याच नोटेच्या पहिल्या दोन वाक्यांतून. तेव्हा चाकरमानी, ड त्रयस्थ नाही, फक्त लांब आहे. विहिरीपाशी कोण गेलं होतं हा प्रश्न आहे, आणि मुंबईहून कुणी गेलं नसणार.

आता हे ओळखायचं कसं? मजकूर जुळतो यावरून नव्हे. 'भक्ष्याच्या शोधात' चारही पेपरांत असेल, पण ती सवय आहे. आम्ही सगळेच ते लिहायचो. आणि खरी माहिती जुळली तर तीही काही सांगत नाही, कारण खरं सगळ्यांना आपापलं सापडू शकतं. बोलते ती जुळणारी चूक. 'खालची वाडी' ही चूक अ आणि क मध्ये सारखी आहे. दोन माणसं वेगवेगळी विहिरीवर गेली असती तर दोघांनी तीच वाडी चुकवली नसती. वाडी एका ठिकाणाहून आली असेल तर खोलीही तिथूनच आली असण्याची शक्यता मोठी.

मुलांना सांगा, तक्त्यात एक रकाना वाढवा : 'हे कुणी सांगितलं?' बातमीत नाव असेल तर नाव, 'वनविभागाने सांगितले' असेल तर तसं. काहीच नसेल तर रकाना रिकामा सोडायचा, आपल्या मनाने भरायचा नाही. किती रिकामे राहतात ते बघून मुलं चकित होतील.

मालकीचा मुद्दा खोटा नाही. रिफायनरीची बातमी असती, निवडणूक असती, तर मीही आधी तेच बघायला सांगितलं असतं. पण विहिरीची खोली बदलायला कुठल्या मालकाचा फोन येत नाही. इथे आळस, घाई आणि एकच प्रेसनोट एवढं पुरतं.

हापूसवाला, तुमचा प्रश्न वेगळा आहे, तरी सांगतो. आधी संपादकांना लेखी कळवा, कात्रण जोडून. त्यांनी दाद दिली नाही तर प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाकडे तक्रार करता येते, पण दैनिकाच्या बाबतीत ती छापून आल्यापासून दोन महिन्यांत करायची असते. तुमची मुदत टळली. पुढच्या पेटीला लक्षात ठेवा.

---

पोथीवाला | मंगळवार, सकाळी ७:२०

जुना_डेस्क यांनी जे सांगितलं ते पोथ्यांच्या अभ्यासात रोजचं आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती का, तर नकला करताना पाठ बिघडत गेले होते. आजही दहा पोथ्या समोर आल्या आणि त्यातल्या सातांत एकच चुकीचा शब्द असला तर सात विरुद्ध तीन असा कौल लावत नाहीत. त्या सात एकाच पोथीवरून उतरल्या असं धरतात आणि सातांची मिळून एक साक्ष मानतात. लेखनिकाने ओळ गाळली आणि पुढच्या सगळ्या नकलांत ती गळालेली दिसली की घराणं कळतं.

मुलांना पाठभेद हा शब्द द्या. मराठीच्या तासाला शोभेल.

---

खाडीकाठ | मंगळवार, दुपारी २:४५

काय सुंदर दाखला दिलात! आज वर्गात पाठभेद सांगितला. नवा रकाना घातला. चारही बातम्यांत मिळून मुलांनी सव्वीस विधानं काढली, त्यातल्या सतरांपुढे 'कुणी सांगितलं' रिकामं. एका मुलाने विचारलं, "मॅडम, मग हे सतरा जण कोण?"

अ आणि क शेजारी ठेवून वाचले. दोघांचा दुसरा परिच्छेद जवळजवळ शब्दशः एक. दोघांत 'सदर' हा शब्द चार वेळा : सदर विहीर, सदर बिबट्या, सदर ठिकाणी, सदर कामगिरी. मुलं हसून बेजार.

---

जुना_डेस्क | मंगळवार, दुपारी ३:१०

'सदर' म्हणजे सरकारी शाईचा डाग. बातमीदार स्वतः लिहिताना 'सदर बिबट्या' लिहीत नाही, निदान चार वेळा तरी नाही. प्रेसनोट मिळवा. वनपालांकडे जा आणि सरळ मागा, लपवण्यासारखं त्यात काही नसतं.

---

रानवाटा | मंगळवार, रात्री ८:५०

मी वनखात्यात होतो, आता निवृत्त. अशा सुटका आठदहा तरी केल्या असतील. दोन गोष्टी सांगतो.

एक, नर की मादी. वरून विहिरीत बॅटरी मारून ते दिसत नाही. जनावर पाण्यात असतं, कडेला चिकटलेलं असतं, डोळे तेवढे चमकतात. कळतं ते पिंजऱ्यात आल्यावर, आणि खात्रीने सांगतात ते पशुवैद्यकीय अधिकारी तपासल्यावर. वयाचंही तसंच, दातांवरून अंदाज करतात. तेव्हा ब मध्ये मादी लिहिलंय ते बहुधा वाडीतल्या कुणाचं तरी ऐकून. त्या बाबतीत मी अ आणि क वर विश्वास ठेवीन, मग ती नोट का असेना. नोट लिहिणाऱ्याने तपासणीचा कागद पाहिलेला असतो.

दोन, बाज. हे खरं असणार. जनावर पोहून दमतं आणि बुडतं, म्हणून लोक आधी दोरांना बांधून बाज किंवा फळी सोडतात. त्यावर ते बसून राहतं. मग आम्ही पिंजरा दार उघडं ठेवून पाण्याला टेकवायचा, ते कोरड्या जागेसाठी आपणहून आत शिरतं, वरून दार पाडायचं. बाज सोडली नसती तर पिंजरा येईपर्यंत काय झालं असतं सांगता येत नाही. आमच्या नोटेत बाजेचा उल्लेख नसेल तर वाईट वाटेल, पण आश्चर्य वाटणार नाही. नोट कामगिरीची असते, आणि कामगिरी खात्याची.

खोलीचं माहीत नाही. नोट लिहिताना विहीर कुणी मोजत नाही.

---

चाकरमानी_दादर | मंगळवार, रात्री ९:३०

म्हणजे ब बरोबर की अ आणि क बरोबर? एक काहीतरी ठरवा. मुलांना निष्कर्ष लागतो.

---

जुना_डेस्क | मंगळवार, रात्री ९:५२

पेपर ठरवायचाच नाही. एकेक गोष्ट घ्यायची आणि विचारायचं, ही गोष्ट कुणाला कळू शकत होती? नर-मादी डॉक्टरला. वाडी कुठली ते वाडीतल्या शेंबड्या पोरालाही. रात्री पडला की सकाळी, ते शेजाऱ्याला. खोली ज्याने विहीर खणली त्याला. मग बघायचं की पेपर त्या माणसापर्यंत पोचला होता का. एकाच बातमीत एक ओळ पक्की आणि पुढची ओळ ऐकीव असू शकते. रानवाटा यांनी तेच तर दाखवलं.

---

बाबल्या_कुडाळकर | मंगळवार, रात्री १०:०२

विहीर हय आसा, दोर घरात आसा. मोजा मरे!

---

खाडीकाठ | शनिवार, संध्याकाळी ६:१५

बाबल्या, मोजली!

आज सकाळी सहा मुलं आणि मी वरच्या वाडीत गेलो. विहीर जांभ्यात खणलेली, गोल, कठडा नाही. फक्त एका बाजूला रहाटासाठी दोन खांब. मुलांना मी दहा पावलं लांब उभं केलं. मालक काका आणि त्यांचा मुलगा कडेला गेले. सुंभाच्या दोराला पाट्याचा तुटका तुकडा बांधून सोडला. दोर सैल पडला तिथे चुन्याची खूण केली, वर ओढला आणि अंगणात टेपने मोजला. काठापासून तळ ३१ फूट. ओला झालेला दोर ९ फूट, म्हणजे काठापासून पाणी २२ फुटांवर. दोनदा मोजलं, दुसऱ्या वेळी तीन-चार इंचांचा फरक आला.

मग विद्यार्थिनीने काकांना विचारलं, "ब पेपरवाल्यांना तुम्ही ३० फूट सांगितलं होतं का?" काका म्हणाले, "मी फूट कशाला सांगीन? पाच परस विहीर आहे, माझ्या बापाने खणली तेव्हा परसावर मजुरी दिली." बातमीदाराने परसाचे सहा फूट धरून ३० केले असणार. परस म्हणजे काय हे सहा मुलांपैकी एकालाही माहीत नव्हतं. काकांनी हात वर करून दाखवलं, "एवढा पुरुष." एवढा म्हणजे किती ते प्रत्येक घरात वेगळं असेल, पण इथे हिशोब फुटाच्या आत आला.

काका म्हणाले बिबट्या सोमवारी रात्री साडेनवाच्या सुमाराला पडला, कुत्रे भुंकत होते, मग धप्प आवाज. बाज त्यांच्याच घरातली, तिचे दोन गात तुटलेले मुलांनी पाहिले. वनखात्याला रात्रीच फोन केला म्हणतात.

येताना वनपालांच्या कार्यालयात गेलो. माणूस भला. मोबाइल काढला आणि ग्रुपवर टाकलेला मेसेज मुलांना वाचून दाखवला. मंगळवार, सकाळी ११:४० चा. त्यात आहे 'खालची वाडी'. 'सदर' पाच वेळा. आणि खोलीचं वाक्य असं : 'विहिरीची खोली अंदाजे ५० फूट असून विहिरीस कठडा नाही.'

अंदाजे! तिन्ही पेपरांतून तो एक शब्द गळाला आहे.

---

पोथीवाला | शनिवार, संध्याकाळी ६:४०

लेखनिकाने गाळलेली ओळ सापडली म्हणायची.

---

जुना_डेस्क | शनिवार, रात्री ८:०५

मन भरून आलं. 'अंदाजे' मी स्वतः शेकडो वेळा उडवला असेन. जागा कमी, कॉलम अरुंद आणि आकडा असा सडेतोड दिसतो. उपसंपादकाच्या पेनाला पहिले बळी पडतात ते 'अंदाजे', 'सुमारे', 'असे समजते'. मुलांना तीच ओळ मूळ मेसेज, अ, क आणि ड अशी एकाखाली एक मोठ्या अक्षरांत लावायला सांगा. भिंतीवर त्याच्याइतकं बोलकं दुसरं काही नसेल.

आता क चं शीर्षक. 'दहशत', 'भयभीत'. आतल्या मजकुरात कोण घाबरलं आहे, शोधा.

---

खाडीकाठ | शनिवार, रात्री ८:३०

शोधलं. शेवटचं वाक्य : 'या घटनेमुळे परिसरात भीतीचे वातावरण आहे.' बाकी सगळी बातमी सुटकेची. नाव घेऊन कुणी घाबरल्याचं नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, "दहशत कसली, अर्धं गाव मोबाइल घेऊन काठावर होतं. भीती वाटली ती कुणी पोर आत पडेल याची."

---

जुना_डेस्क | शनिवार, रात्री ८:४८

शीर्षक बातमीदार देत नाही, डेस्क देतो. पहिल्या पानावर जागा मिळाली की सुटकेची बातमी थंड वाटते, मग तळातलं एक वाक्य उचलून डोक्यावर बसवतात. म्हणून बातमीदाराला दोष देण्याआधी मुलांनी शीर्षक आणि मजकूर वेगवेगळे तपासावेत. शीर्षकातल्या प्रत्येक शब्दाला मजकुरात आधार आहे का, बोट ठेवून दाखवायचं. अ च्या 'जीवदान'लाही हाच नियम लावा. जीव कुणी दिला? बाज सोडणाऱ्यांनी की पिंजरा सोडणाऱ्यांनी? शीर्षक वाचून खात्यानेच, असं वाटतं.

---

चाकरमानी_दादर | रविवार, सकाळी १०:१०

ठीक, ५० वर मी चुकलो, मान्य. पण मग ब ला शाबासकी द्या की. जागेवर गेला, मालकाशी बोलला, खोली बरोबर, वाडी बरोबर, वेळ बरोबर. एक मादी सोडली तर.

---

खाडीकाठ | रविवार, सकाळी ११:२५

मलाही तसंच वाटत होतं. पण काल रात्री एका मुलीने ब ची बातमी परत वाचली आणि तिच्या लक्षात आलं की त्यात कठड्याचा उल्लेखच नाही. अ मध्ये आहे, क मध्ये आहे, मेसेजमध्ये तर आहेच. ब मध्ये विहीर 'जुनी' आहे, 'घरामागची' आहे, पण उघडी नाही. आणि फोटोत काठ कापलेला आहे, बिबट्या आणि बाज एवढंच दिसतं.

वाडीत असंही कळलं की ब चा बातमीदार काकांच्या भावकीतला आहे. मुलं आता म्हणतायत, "मॅडम, त्याने मुद्दाम लपवलं." हे तक्त्यात लिहू द्यावं का?

---

रानवाटा | रविवार, दुपारी १२:०५

बिनकठड्याच्या विहिरी हा मुळातला प्रश्न आहे. बिबट्या येतो तो कुत्र्यामागे किंवा कोंबडीमागे, अंधारात काठ दिसत नाही आणि पडतो. काठ उंच असता तर चारही पेपरांना बातमीच मिळाली नसती. ज्या पेपरने ते गाळलं त्याने बातमीचं कारणच गाळलं.

---

चाकरमानी_दादर | रविवार, दुपारी १२:३०

बघा! मी पहिल्या प्रतिसादातच म्हणालो होतो, कुणाचा पेपर ते बघा. मालक नाही तर भावकी!

---

जुना_डेस्क | रविवार, दुपारी १:१५

यात तुमचं निम्मं बरोबर आहे. ज्याच्याकडून माहिती येते त्याची गैरसोय बातमीत येत नाही. नोट खात्याकडून आली, बाज गळाली. माहिती मालकाकडून आली, कठडा गळाला. एवढं दोन्हीकडे सारखं दिसतंय आणि तेवढं मुलांनी लिहावं.

पण 'मुद्दाम लपवलं' लिहू देऊ नका. त्याच्या मनात काय होतं ते तक्त्यात कुठे दिसत नाही. त्याने लिहिलं असेल आणि डेस्कने शेवटचा परिच्छेद कापला असेल. बातमी खालून कापतात, हा जुना रिवाज. फोटोही पानावर बसवताना कापला जातो. भावकी आहे ही नोंद करा, कठडा नाही हीही नोंद करा, पण त्या दोघांच्या मध्ये 'म्हणून' घालू नका. त्या बातमीदाराला फोन करून विचारता आलं तर उत्तम. गावातलाच आहे ना?

---

मालगुंडची_आई | रविवार, दुपारी ३:४०

माझा मुलगा दुसऱ्या शाळेत आहे, त्यांनाही असलाच प्रकल्प आहे. तो मोबाइलवर ई-पेपरचे स्क्रीनशॉट काढून चिकटवतो. चालतं ना? त्याच्या दोन मित्रांकडे एकाच पेपरची एकच बातमी वेगवेगळी निघाली, म्हणून सर म्हणाले कुणीतरी खोटं केलंय.

---

जुना_डेस्क | रविवार, दुपारी ४:०२

कुणी खोटं केलेलं नाही. एकाच पेपरची रत्नागिरीची आवृत्ती वेगळी, मुंबईची वेगळी. जिल्ह्यात तीन कॉलम, मुंबईत सहा ओळी, शीर्षकही वेगळं. स्क्रीनशॉट चालेल, पण प्रत्येकावर तारीख, आवृत्ती आणि पान क्रमांक लिहायला सांगा. वेबसाइटवरची बातमी असेल तर कितीला उघडली ती वेळही, कारण ती नंतर बदलते आणि बदलल्याचं दर वेळी लिहिलेलं नसतं.

---

पोथीवाला | रविवार, दुपारी ४:३०

अवांतर : ६ जानेवारीला मांडताय तर एक चौकट बाळशास्त्री जांभेकरांची ठेवा. पोंभुर्ल्याचे, देवगड तालुक्यातले, म्हणजे आपल्याच किनाऱ्याचे. १८३२ सालच्या त्याच तारखेला 'दर्पण' निघालं, आणि त्यात मराठी व इंग्रजी मजकूर एकाच पानावर शेजारी शेजारी असायचा. ताडून वाचायची सोय पहिल्या अंकापासून होती म्हणा.

---

खाडीकाठ | बुधवार, रात्री ९:२०

दोन घडामोडी.

ब च्या बातमीदारांना मुलांनी फोन केला. ते हसले. म्हणाले, "कठड्याचं लिहिलं होतं की नाही ते आठवत नाही, पाठवलेली फाइल बघून सांगतो." अजून सांगितलेलं नाही. तक्त्यात 'विचारले, उत्तर बाकी' असं लिहिलंय. मादीचं मात्र लगेच कबूल केलं. काठावर सगळे 'ती' म्हणत होते म्हणून त्यांनीही लिहून टाकलं.

दुसरं, फोन रात्री केला की सकाळी, हे सुटत नाही. काका म्हणतात रात्री दहाला केला. वनपाल म्हणतात त्यांच्या नोंदीत सकाळी सव्वासहाचा फोन आहे. काकांचा मोबाइल साधा, जुन्या फोनांची यादी पुसली गेलीय. कदाचित रात्री दुसऱ्याच कुणाला लावला असेल. मुलांनी दोन्ही लिहून ठेवलंय.

एक कोडं राहिलं. ५० हा आकडा वनपालांना सुचला कुठून? ते म्हणतात, "अंदाज केला." रानवाटा, तुम्हाला काही वाटतं?

---

रानवाटा | बुधवार, रात्री ९:५५

पिंजऱ्याचा दोर किती लांबीचा आहे विचारा. आम्ही मागे कुणी विचारलं तर तोच आकडा ठोकून द्यायचो.

---

खाडीकाठ | गुरुवार, दुपारी १:०५

विचारलं. दोर १५ मीटरचा. मुलांनी लगेच हिशोब केला, ४९ फूट आणि वर दोनेक इंच! वर्गात नुसता जल्लोष. वनपाल मात्र म्हणाले, "दोराचं माझ्या डोक्यातही नव्हतं हो." आता मुलांत दोन तट पडलेत. एकांना दोराची गोष्ट तक्त्यात हवी, दुसरे म्हणतायत 'म्हणून' घालायचं नाही असं ठरलंय. उद्याच्या तासाला भांडण आहे.

---

जुना_डेस्क | गुरुवार, दुपारी १:३०

दुसऱ्या तटाच्या पुढाऱ्याला बारावीनंतर माझ्याकडे पाठवा.

---

हापूसवाला | गुरुवार, रात्री ८:१५

मुदत टळली तरी संपादकांना पत्र टाकून आलो, मन मोकळं झालं. घरी आल्यावर बघतो तर कात्रण टेबलावरच. परत पाठवू, की नवीन पत्र लिहू?